बावन्न फर्मे

कादंबरी लिहून संपली तेव्हा शब्द भरले २,३८,०००. लिहिताना हा आकडा मी कधी पाहिला नव्हता. प्रकरणं मोजत होते, ती ६१ झाली होती. नदीवर माणसं पलीकडे नेणारी तर चालवणारं एक कुटुंब, त्या नदीवर अकरा वर्षं बांधला जाणारा पूल, आणि पूल झाल्यावर हाती वल्हं उरलेली पण काम न उरलेली माणसं, असा तो सगळा पसारा. पसारा हा शब्द माझ्या प्रकाशकांचा. हस्तलिखित वाचून झाल्यावर त्यांनी मला बोलावलं, पहिल्यांदा कादंबरी आवडल्याचं सांगितलं आणि मग म्हणाले, "आता हे एक पुस्तक आहे की दोन, ते तुम्ही ठरवा. मी खर्चाचा अंदाज काढून देतो. पण खर्चावरून ठरवू नका."

पुढचे पाच महिने मी या एकाच प्रश्नात होते. आधी मला वाटलं होतं, हा जाडीचा प्रश्न आहे.

जाडीचा हिशोब तसा सरळ असतो. डेमी आकाराचं पान, बारा पॉइंटचं अक्षर, पानावर एकतीस ओळी. संवाद असले की ओळी अर्ध्यावर तुटतात आणि प्रत्येक प्रकरण पानाच्या तिसऱ्या हिश्शापासून सुरू होतं, म्हणून सरासरी पानाला २९० शब्द धरले. मजकुराची पानं झाली ८२०. सुरुवातीची बारा पानं, म्हणजे नामपृष्ठ, अर्पणपत्रिका, मनोगत वगैरे, धरून ८३२. सोळा पानांचा एक फर्मा. बरोबर ५२ फर्मे. सत्तर जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाच्या, मॅपलिथो कागदाचं एक पान, म्हणजे दोन्ही बाजू धरून एक पातं, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून किंचित पातळ असतं. ४१६ पात्यांची जाडी जवळजवळ चार सेंटिमीटर होते. वजन पुठ्ठ्यासकट एक किलोच्या आसपास.

आकडे कागदावर होते तोवर मला काही वाटलं नाही. मग प्रकाशकांनी डमी करून आणली. डमी म्हणजे त्याच कागदाचं, तेवढ्याच पानांचं, पण पूर्ण कोरं पुस्तक. आतली मांडणी अजून झालेली नसते, फक्त पुस्तक हातात कसं बसेल ते कळावं म्हणून बांधतात. मी ते कोरं पुस्तक घरी आणलं आणि तीन रात्री उशाशी घेऊन झोपले. उताणं पडून छातीवर धरलं की दहा मिनिटांत मनगट दुखायला लागे. कुशीवर वळून वाचायचं तर वरच्या बाजूचा भाग हातात राहत नव्हता, खाली कलंडत होता. आणि मधोमध उघडलं की पानं कण्याजवळ इतकी वळत होती की आतल्या बाजूची बोटभर जागा दिसेनाशी होत होती. मी पेन्सिलीनं मधल्या एका पानावर आतला समास सोडून चार ओळी लिहून पाहिल्या. प्रत्येक ओळीतला पहिला शब्द वाचायला पुस्तक दोन्ही हातांनी दाबावं लागत होतं.

म्हणजे जाड पुस्तकाला आतला समास जास्त लागतो. तो १८ मिलिमीटरवरून २२ केला. ओळ १०५ मिलिमीटरची होती, ती १०१ झाली. चार मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण प्रत्येक ओळीतून थोडा थोडा मजकूर खाली ढकलला जातो आणि ८२० पानांच्या शेवटी साधारण बत्तीस पानं वाढतात. बावन्न फर्म्यांचे चोपन्न झाले. पुस्तक जाड आहे म्हणून समास वाढवला आणि समास वाढवला म्हणून ते आणखी जाड झालं.

यावर दोन उपाय नेहमी सुचवले जातात आणि दोन्ही मी करून पाहिले. पहिला, कागद पातळ घ्यायचा. साठ जीएसएम घेतला तर जाडी सातव्या हिश्शानं उतरते. पण नमुन्याची पानं छापून घेतली तेव्हा मागच्या बाजूचा मजकूर पुढे सावलीसारखा दिसत होता. एखादं पान चालतं. आठशे पानं तसं वाचणं म्हणजे डोळ्यांना सतत कुणीतरी मागून बोलत असल्यासारखं. दुसरा उपाय, अक्षर अकरा पॉइंटचं करायचं आणि ओळी जवळ आणायच्या. देवनागरीत इथे लगेच अडतं. आपली अक्षरं वर आणि खाली दोन्हीकडे वाढतात. वरच्या ओळीतल्या 'कृ'चा किंवा 'द्धू'चा खालचा भाग आणि खालच्या ओळीतल्या 'र्कीं'चा रफार, वेलांटी, अनुस्वार एकमेकांना भिडायला लागतात. नमुन्याच्या एका पानावर मी अशा अकरा जागा लाल पेन्सिलीनं गोल केल्या. वाचणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते कळत नाही, पण तो थकतो. दोन्ही उपाय सोडले.

बांधणीचाही प्रश्न होताच. नुसत्या गोंदावर चिकटवलेली बांधणी, जिला परफेक्ट बाइंडिंग म्हणतात, तिच्यात फर्म्यांच्या घड्या मागून कापून टाकतात आणि सुटी पाती गरम गोंदात बसवतात. दोनशे-तीनशे पानांना ती चांगली टिकते. चार सेंटिमीटरच्या कण्यावर मात्र पुस्तक मधोमध उघडलं की सगळा ताण एका रेषेवर येतो. बांधणीचं काम पाहणाऱ्या काकांनी माझ्यासमोर एक जुनी जाड प्रत घेतली, मधोमध उघडून पालथी ठेवली आणि तळहातानं एकदाच दाबली. कण्यावर उभी चीर गेली. "आता इथून पानं सुटणार," ते म्हणाले. "आज नाही, तिसऱ्या वाचकाच्या हातात." एवढ्या पुस्तकाला फर्मे दोऱ्यानं शिवून मग पुठ्ठा चढवायला हवा, हे त्यांचं मत मी तिथेच मान्य केलं. शिवणीनं खर्च वाढतो, पण तो कुठे वाढतो हे डोळ्यांनी दिसतं.

मग खर्चाचा तक्ता आला. प्रकाशकांनी रकमा न लिहिता प्रमाणात लिहून दिला होता, ते मला फार सोयीचं झालं. गोंदाच्या बांधणीतलं एक जाड पुस्तक म्हणजे १००. तेच शिवून बांधलं तर १०६. दोन खंड केले तर ११७.

मला आश्चर्य वाटलं ते फरक इतका कमी असल्याचं. माझ्या डोक्यात होतं की दोन पुस्तकं म्हणजे जवळजवळ दुप्पट खर्च. पण कागद तेवढाच लागतो, छपाईच्या प्लेटा जवळजवळ तेवढ्याच, अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन तर पानांवरच असतं. दुप्पट होतं ते फक्त बाहेरचं. मुखपृष्ठाचं चित्र, त्याची छपाई, लॅमिनेशन, पुठ्ठा, बांधणी, आणि आतली सुरुवातीची बारा पानं. आयएसबीएन प्रत्येक खंडाला वेगळा, आणि संच म्हणूनही विकायचा असेल तर संचाला आणखी एक. एवढंच. शिवलेल्या एका पुस्तकाशी तुलना केली तर दोन खंड फक्त अकरानं महाग. आणि वाचकाला पहिल्या खंडासाठी एका वेळी अर्ध्याहून थोडीच जास्त किंमत द्यावी लागणार. हे पाहून मी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. दोन खंड.

"तक्त्यात एक गोष्ट येत नाही," प्रकाशक म्हणाले. "दुसऱ्या खंडाच्या किती प्रती छापायच्या?"

हा प्रश्न मी कधी ऐकला नव्हता. पहिला खंड घेणारे सगळे दुसरा घेत नाहीत, हे तर उघड आहे. काहींना पहिला आवडत नाही, काहींना आवडतो पण पुढचा यायच्या आत ते दुसरीकडे वळतात. पहिल्याच्या हजार छापल्या तर दुसऱ्याच्या हजार छापायच्या का? छापल्या तर काही पडून राहणार. सातशे छापल्या तर प्रत्येक प्रतीचा खर्च वाढतो, कारण प्लेटा आणि यंत्र लावण्याचं काम सातशेलाही तेवढंच असतं. आणि खरी अडचण त्यानंतर येते. त्यांनी आधीच्या एका दोन खंडांच्या पुस्तकाची हकिकत सांगितली. पहिला खंड संपला, दुसऱ्याच्या तीनशेच्या वर प्रती शिल्लक. पहिल्याशिवाय दुसरा कोण घेणार? म्हणून दुसऱ्याच्या प्रती विकल्या जाव्यात यासाठी पहिला पुन्हा छापावा लागला. तो छापला तसा काही दिवसांत दुसरा संपला, आणि आता पहिल्याचा ढीग उरला. "दोन्ही एकदम संपले असा दिवस आलाच नाही," ते म्हणाले. दोन्ही खंड एकाच दिवशी, एका खोक्यात घालून संच म्हणूनच विकायचे, तर हा प्रश्न सुटतो. पण मग वाचकाला एकदम पूर्ण किंमत मोजावी लागते, वर खोक्याचा खर्च, आणि दोन खंड करण्यातला पैशाचा फायदा तिथेच संपतो.

तरीही मी दोन खंडांच्याच बाजूची होते. कारण माझ्याकडे तोडायला जागा तयार होती. चौतिसावं प्रकरण, पुलाचं उद्घाटन. पानांच्या हिशोबानं ते मध्याच्या जरासं पुढे येत होतं. इतका देखणा शेवट कुठल्या पहिल्या खंडाला मिळतो? वाजंत्री, गर्दी, पुलावरून जाणारी पहिली गाडी, आणि खाली पाण्यात रिकामी नाव घेऊन उभा असलेला थोरला.

मोठं पुस्तक तोडण्याची रीत काही नवी नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कादंबरी तीन खंडांत येणं हाच शिरस्ता होता, कारण वर्गणी घेऊन पुस्तकं देणारी वाचनालयं एकेक खंड वेगळा देऊ शकत आणि एकच कादंबरी एकाच वेळी तीन घरांत फिरे. १८९४मध्ये मोठ्या वाचनालयांनी अशा कादंबऱ्यांकडे पाठ फिरवली आणि ती रीत थोड्याच काळात संपली. तिथले लेखक पहिल्यापासून तीन खंड धरूनच लिहीत. माझ्या प्रश्नाच्या जवळचं उदाहरण टॉल्किन यांचं आहे. त्यांनी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' एक सलग पुस्तक म्हणून लिहिलं होतं. युद्धानंतरची कागदाची टंचाई आणि खर्चाचा धोका म्हणून प्रकाशकांनी ते तीन खंडांत काढलं. पहिले दोन १९५४मध्ये आले, तिसरा १९५५च्या ऑक्टोबरमध्ये. दुसऱ्या खंडाच्या शेवटी नायक शत्रूच्या हाती सापडलेला आहे, आणि वाचक तिथे अकरा महिने थांबले. ते तोडणं निभावलं याचं एक कारण मला असं वाटतं की त्या लेखनात आतच सहा भाग होते, आणि प्रत्येक खंड दोन भाग संपल्यावर संपत होता. खंड पाडण्याआधी सांधे तयार होते.

माझ्या चौतिसाव्या प्रकरणाशी असा सांधा आहे का, हे मला तपासायचं होतं. आणि ते स्वतः वाचून कळत नाही. मला पुढचं माहीत आहे.

म्हणून दोन माणसं निवडली. माझा धाकटा भाऊ, त्याला सगळी ६१ प्रकरणं एकदम दिली. आणि माझी एक मैत्रीण, तिला पहिली चौतीस दिली आणि सांगितलं की उरलेली दोन महिन्यांनी देईन. दोघांनाही एकच काम सांगितलं. जिथे मागचं पान उलटून पाहावंसं वाटलं, जिथे कंटाळा आला आणि जिथे वाचन थांबवलं, तिथे समासात खूण करायची. मत नको, खुणा हव्यात.

मैत्रिणीनं पहिला भाग नऊ दिवसांत वाचला. फोन केला तेव्हा तिचा आवाज भरून आला होता. "किती छान संपवलंस गं!" ती म्हणाली. मी त्या वाक्यानं दिवसभर आनंदात होते. संध्याकाळी ते वाक्य पुन्हा आठवलं आणि त्यातला 'संपवलंस' माझ्या लक्षात आला. तिनं पुढचं काय होतं हे विचारलंच नव्हतं. दोन महिने ती थांबली आणि त्या दोन महिन्यांत एकदाही तिनं उरलेली पानं मागितली नाहीत.

मग तिला पस्तिसाव्यापासून पुढचं दिलं. तिच्या खुणा पाहिल्यावर मला नीट कळलं. पस्तीस ते एकोणचाळीस या पाच प्रकरणांत तिनं चौदा ठिकाणी वाचन थांबवलं होतं. याच पाच प्रकरणांत माझ्या भावाच्या प्रतीवर थांबल्याच्या खुणा फक्त दोन होत्या. मजकूर तोच, शब्द न् शब्द तोच.

त्या पाच प्रकरणांत काही घडत नाही. पूल झालाय, नदीवरची तर बंद पडली आहे, माणसं काठावर बसून आहेत. ती मी मुद्दाम तशी लिहिली होती. भाऊ पुलाच्या उद्घाटनाच्या गोंगाटातून थेट त्या काठावर आला होता, त्यामुळे ती शांतता त्याला ऐकू आली. मैत्रीण दोन महिने आपल्या कामाधामात होती आणि तिनं जे पुस्तक उघडलं ते पाच माणसं नुसती बसली आहेत इथपासून सुरू होत होतं. संथ प्रकरणं मागच्या प्रकरणांच्या वेगावर चालतात. नाव वल्हवणं थांबवलं तरी काही अंतर ती पाण्यावर सरकत राहते, तसं. तोच मजकूर दुसऱ्या खंडाच्या पहिल्या पानावर ठेवला की मागून आलेला वेग नाहीसा होतो. दुसरा खंड तिथून सुरू करायचा तर मला ती पाच प्रकरणं बदलावी लागली असती, काहीतरी घडवावं लागलं असतं. आणि माझ्या मते कादंबरीचा जीव त्या पाच प्रकरणांत आहे.

मग दुसरीकडे तोडून पाहिलं. एकोणतिसावं प्रकरण, पूर, नाव दोरासकट वाहून जाते, धाकटा बेपत्ता. इथे वाचक पुढचा खंड मागेल, यात शंका नाही. पण मग पहिल्या खंडात त्याला मिळालं काय? पूल अर्धा, माणूस बेपत्ता, नाव गेलेली. त्यानं पुस्तकाची किंमत मोजली आणि त्याला अर्धं वाक्य हातात दिलं, असं मला वाटत राहिलं. पहिल्या खंडात एखादा प्रश्न पूर्ण सुटला पाहिजे आणि त्यातूनच त्याहून मोठा उभा राहिला पाहिजे. चौतीसमध्ये सुटतो पण नवा उभा राहत नाही. एकोणतीसमध्ये उभा राहतो पण सुटत काहीच नाही.

तरी मी अजून पूर्ण वळले नव्हते. मला वळवलं ते कंदिलानं.

तिसऱ्या प्रकरणात नावेच्या टोकाला एक कंदील टांगलेला असतो. त्याची काच एका बाजूनं तडकलेली आहे आणि थोरल्याच्या बायकोनं त्या तड्यावर वहीच्या पानाची एक पट्टी खळीनं चिकटवली आहे. उजेड पडला की त्या पट्टीवरच्या निळ्या रेघा पाण्यावर दिसतात. एवढंच, तीन ओळी. सहाव्या प्रकरणात एका रात्री पलीकडच्या काठावरून कुणीतरी हाका मारतं, एका आजारी बाईला अलीकडे आणायचं असतं, आणि थोरला नाव सोडत नाही. ती बाई जाते. त्यानं नाव का सोडली नाही, हा सगळ्या कादंबरीचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर अठ्ठावन्नाव्या प्रकरणात आहे. पण त्याआधी, बावन्नाव्या प्रकरणात, एका भलत्याच घराच्या माळ्यावर एक कंदील सापडतो. त्याच्या काचेवर कागदाची पट्टी आहे, पिवळी पडलेली, आणि तिच्यावर फिकट निळ्या रेघा. हा कंदील कुणाचा, हे तिथे कुणीच म्हणत नाही. म्हणजे त्या रात्री नावेवर दिवाच नव्हता. थोरल्याच्या बायकोनं तो आधीच कुणाला तरी देऊन टाकला होता. वाचकाला हे कुठल्याही पात्राच्या आधी कळायला हवं.

भावाच्या प्रतीत त्या ओळीसमोर समासात पेनाची खोल उमटलेली खूण होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'ताई, पान १९.' त्यानं तिसरं प्रकरण पुन्हा काढून पाहिलं होतं. मैत्रिणीच्या प्रतीत त्या पानावर काहीच नव्हतं. मी तिला विचारलं, माळ्यावरचा कंदील आठवतो का? ती म्हणाली, "कुठला कंदील?"

दुसऱ्या खंडात कंदिलाची आठवण करून द्यायची, असा उपाय लगेच सुचतो. मी तसा परिच्छेद लिहूनही पाहिला, छत्तिसाव्या प्रकरणात, 'वहीच्या पानाची पट्टी लावलेला तो जुना कंदील आता कुठे आहे कोण जाणे' असा. तो लिहिला आणि बावन्नावं प्रकरण मेलं. आठवण करून दिल्याबरोबर वाचक कंदिलाची वाट पाहायला लागतो आणि सापडण्यातलं सापडणं जातं.

हा एकच कंदील आहे का, हे पाहायला मी एक वही घातली. डाव्या पानावर उसनं घेतलेलं, उजव्या पानावर फेडलेलं. कुठल्या प्रकरणात वाचकाला काय लक्षात ठेवायला सांगितलं आणि कुठल्या प्रकरणात ते त्याला परत दिलं. एकेचाळीस नोंदी झाल्या. त्यातल्या तेवीस चौतिसाव्या प्रकरणापर्यंत फिटत होत्या. अठरा उधार राहत होत्या. या अठरांपैकी पाच मोठ्या होत्या, थोरल्याच्या त्या रात्रीसारख्या. त्या वाचक वर्षभरही विसरणार नाही. तेरा मात्र कंदिलाच्या जातीच्या. एखादा आवाज, एखाद्याची मान वळवण्याची लकब, दोरीची एक विशिष्ट गाठ. दोन खंडांमध्ये वर्ष गेलं असतं तर या तेरा नोंदींतल्या बहुतेक बुडाल्या असत्या. दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला 'पूर्वसूत्र' म्हणून पंधरा पानं दिली तर त्यात त्या पाच मोठ्या येतात. तेरा बारीक येत नाहीत, आणि आणल्या तर कंदिलासारख्याच मरतात.

एक पुस्तक, हे ठरलं ते त्या वहीमुळे.

पण त्याच वहीनं आणखी एक गोष्ट दाखवली आणि ती मला कित्येक दिवस नकोशी होती. एकसष्टपैकी सात प्रकरणांपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. ना उसनं, ना फेड. चार प्रकरणं पुलाच्या कंत्राटदाराच्या बालपणाची, पुलाच्या आधीची. तीन नंतरची, दोन नुकसानभरपाईच्या खटल्याची आणि एक काठावर बसलेल्या माणसांचं. दोन खंड करण्याकडे माझा इतका ओढा का होता, ते तेव्हा मला समजलं. दोन खंडांत ही सातही प्रकरणं राहत होती. कंत्राटदाराच्या चार प्रकरणांसाठी मी दोन वर्षं माहिती गोळा केली होती. पाया घालताना नदीचा प्रवाह वळवतात कसा, खांबाभोवतीचं पाणी उपसून आत कोरडी जागा कशी करतात, हे सगळं मला लिहायला फार आवडलं होतं. ते वाचायलाही वाईट नव्हतं. भावाच्या प्रतीवर तिथे कंटाळ्याची खूण नाही. फक्त मागचं पान उलटावंसं वाटल्याची एकही खूण नाही, आणि पुढे कुठेही त्या प्रकरणांकडे तो परत गेलेला नाही.

सातपैकी सहा काढली. सातवं, काठावर बसलेल्या माणसांचं, ठेवलं. त्याच्यापुढे वहीत नोंद नाही हे खरं, पण ते प्रकरण म्हणजे वेग हळूहळू थांबण्याची जागा आहे, आणि ती जागा काढली तर पुढच्या घटना एकमेकींवर आदळतात. हा निर्णय वहीनं दिला नाही, तो माझा.

सहा प्रकरणांचे २७,००० शब्द गेले. उरलेल्या पंचावन्न प्रकरणांतून ओळ-ओळ करत आणखी १५,००० काढले. यात तीन महिने गेले. एखादं दृश्य तीन पानांचं असेल तर ते दोन पानांत मावतं का, हे पाहण्यापेक्षा ते अर्ध्या पानानंतर सुरू करून पाहावं, हे मला या कामात हाती लागलं. बहुतेक दृश्यांची पहिली पाच-सहा वाक्यं माणसं दारातून आत येण्यात जात होती.

१,९६,००० शब्द उरले. रुंद समासाच्या मांडणीत ७०२ पानं, सुरुवातीची बारा, एकूण ७१४. सोळाच्या पटीत बसवायला ४५ फर्मे, ७२० पानं. चोपन्नातून नऊ फर्मे, म्हणजे नेमका सहावा हिस्सा कमी झाला. जाडी साडेतीन सेंटिमीटरच्या आत आली. कागद, प्लेटा आणि छपाई हाच खर्चाचा मोठा वाटा असल्यामुळे शिवणीसकट तक्त्यातला आकडा १०६वरून ९४वर आला. आधीच्या गोंदाच्या पुस्तकापेक्षाही खाली. प्रकाशकांनी दुसरी डमी आणून दिली. मी मधोमध उघडून टेबलावर ठेवली आणि हात काढून घेतला. ती तशीच उघडी राहिली.

हे गणित माझ्या कादंबरीचं आहे. एखाद्या हस्तलिखितात दोन पिढ्या असतील, पहिलीचा प्रश्न तिच्याबरोबर मिटत असेल आणि दुसरीला वाचकाकडून फक्त दोन-तीन मोठ्या आठवणी लागत असतील, तर तिथे उधारीच्या वहीत मध्यावर फारसं काही शिल्लक दिसणार नाही आणि दोन खंड सुखानं होतील. तिथे एकाच पुठ्ठ्याचा हट्ट धरणं मला चुकीचं वाटेल. प्रकाशकांच्या त्या उरलेल्या ढिगांचा प्रश्न मात्र तिथेही राहीलच.

शेवटची मांडणी आली तेव्हा क्रमांक बदललेले होते. जुनं चौतिसावं आता तिसावं झालं होतं. त्याचा शेवट डाव्या पानाच्या तळाशी येत होता आणि समोरच्या उजव्या पानावर लगेच एकतिसावं सुरू होत होतं. पुलावरून गाडी गेली आणि डोळा उचलला की समोर काठ. मला ते फार जवळ वाटलं. मांडणी करणाऱ्या मुलीला मी विचारलं, फर्म्यात सहा पानं शिल्लक आहेत, त्यातली दोन इथे घालता येतील का? ती म्हणाली, "येतील की. मग त्यावर 'भाग दुसरा' असं टाकू?"

मी नको म्हणाले. तिनं एक पातं मध्ये घातलं, दोन्ही बाजूंनी कोरं, पानक्रमांकही न छापलेलं. पुढचं प्रकरण त्यानंतरच्या उजव्या पानावर सुरू होतं, आणि पुस्तकाच्या शेवटी आता सहाच्या जागी चार कोरी पानं उरली आहेत.